खात्यावरचं नाव चुकलंय? बँकेला पत्र असं लिहा

विम्याची मुदत संपते. पैसे खात्यात जमा करण्यासाठी कंपनी रद्द केलेला चेक मागते आणि चेक पाहून सगळे कागद परत पाठवते. पॉलिसीवरचं नाव आणि चेकवर छापलेलं नाव जुळत नाही. माणूस तोच असतो, खातं त्याचंच असतं, फरक असतो एखाद्या H चा किंवा A चा. प्राप्तिकराचा परतावा घेण्यासाठी पोर्टलवर बँक खातं पडताळून घ्यावं लागतं, तिथेही हाच फरक आडवा येतो. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम काढताना तर तो हमखास आडवा येतो. अशा वेळी शाखेत जाऊन तोंडी सांगून काम होत नाही. अर्ज द्यावा लागतो आणि तो अर्ज कसा लिहिला आहे यावर एका फेरीत काम होणार की चार फेऱ्यांत, हे बरंचसं ठरतं.

ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, त्याला कारण आहे. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पाठवलेले पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. पाठवणाऱ्याने नाव लिहिलं तरी जमा करताना बँक क्रमांकच पाहते. त्यामुळे नाव कसंही नोंदलेलं असलं तरी पगार येत राहतो, पेन्शन येत राहते. आता चित्र बदललं आहे. पैसे पाठवण्यापूर्वी समोरच्या खात्यावरचं नाव पाठवणाऱ्याला दिसावं, अशी सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत करा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं. यूपीआयवर तर नाव आधीपासूनच दिसत होतं. इतके दिवस पासबुकात दडलेली चूक आता दुसऱ्याच्या पडद्यावर दिसते, आणि समोरचा माणूस पैसे पाठवायला कचरतो.

चूक मुळात होते कशी? आपल्याकडे अनेकांनी खातं उघडतानाचा फॉर्म मराठीत भरलेला असतो, किंवा कुणाकडून तरी भरून घेतलेला असतो. त्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग संगणकासमोर बसलेला माणूस स्वतःच्या अंदाजाने करतो. जुन्या खात्यांचं नाव तर हाताने लिहिलेल्या खतावणीतून संगणकात गेलं. मराठी नावं अशा अंदाजाला फार लवकर बळी पडतात. ‘ज्ञानेश्वर’चा ज्ञ कुणी DNY लिहितो, कुणी GY. ‘विठ्ठल’ VITTHAL होतो, VITHAL होतो. ‘सावंत’मधला व कधी V, कधी W. ‘लक्ष्मण’ LAXMAN आणि LAKSHMAN अशा दोन्ही रूपांत फिरतो. यातलं कोणतंही रूप भाषेच्या दृष्टीने चूक म्हणता येत नाही. बँकेच्या दृष्टीने मात्र तुमच्या ओळखपत्रावर जे आहे तेवढंच बरोबर. आदराने लावलेले ‘राव’ आणि ‘बाई’ही त्यात भर घालतात. खात्यावर सुलोचनाबाई आणि आधारवर सुलोचना असेल, तर संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं.

म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी: आपलं बरोबर स्पेलिंग कोणतं? आधार, पॅन आणि पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव एकेक अक्षर करून जुळवा. एका दमात वाचू नका, कारण आपलं नाव वाचताना डोळा हवं तेच वाचतो. आधार आणि पॅन दोन्ही एकमेकांशी जुळत असतील आणि फक्त बँकेत चूक असेल, तर काम सोपं आहे, पत्र लगेच लिहा. आधार आणि पॅनच एकमेकांशी जुळत नसतील, तर बँकेकडे जाण्याची घाई करू नका. आधी ते दोन्ही एकसारखे करून घ्या, नाहीतर आज बँकेत आधारप्रमाणे केलेलं नाव उद्या पॅनशी जुळणार नाही. इथे एक मर्यादा माहीत असू द्या: आधारवरचं नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं. त्यामुळे आधार दुरुस्त करताना अंतिम रूप पक्कं करूनच अर्ज करावा, आणि शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट असेल तर त्यावरचं स्पेलिंगही आधी पाहून घ्यावं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि बहुतेक अर्ज इथेच अडकतात. काउंटरवर जाऊन आपण म्हणतो, “नाव बदलायचंय.” समोरचा कर्मचारी विचारतो, “राजपत्र आणलंय का? लग्नाचं प्रमाणपत्र?” तो चुकीचं विचारत नाही. नाव बदलणं आणि नावातली चूक दुरुस्त करणं या बँकेच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. लग्नानंतर आडनाव बदललं, किंवा कुणी स्वतःच्या इच्छेने नवं नाव घेतलं, आणि ओळखपत्र मात्र जुन्या नावाचं आहे, तर रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांप्रमाणे त्या ओळखपत्राला राज्य सरकारने दिलेल्या विवाह प्रमाणपत्राची किंवा राजपत्रातल्या सूचनेची जोड लागते. स्पेलिंगच्या चुकीत असं काहीच घडलेलं नसतं. तुमचं नाव पूर्वी जे होतं तेच आज आहे, फक्त बँकेच्या नोंदीत ते चुकीचं उतरलं आहे. तिथे पुरावा म्हणून तुमचं ओळखपत्र पुरेसं असायला हवं. तेव्हा तोंडीही आणि लेखीही ‘नाव बदल’ हे शब्द टाळा, ‘स्पेलिंगची दुरुस्ती’ म्हणा. एवढ्याने राजपत्राचा विषय बहुतेक वेळा निघतच नाही.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊन पत्र प्रत्यक्ष लिहून पाहू. समजा, सुलोचना ज्ञानेश्वर जाधव यांचं एका बँकेत बचत खातं आहे आणि त्याच शाखेत दोन मुदत ठेवी आहेत. आधार आणि पॅन दोन्हींवर नाव आहे SULOCHANA DNYANESHWAR JADHAV. पासबुकावर आहे SULOCHNA DNYANESHWAR JADAV. विमा कंपनीने कागद परत पाठवताना आडनाव जुळत नसल्याचं कळवलं, म्हणून सगळ्यांचं लक्ष आडनावाकडे गेलं. पण अक्षर अक्षर जुळवल्यावर दिसतं की पहिल्या नावातलाही एक A गळला आहे. फक्त आडनावासाठी अर्ज दिला असता, तर ते दुरुस्त झालं असतं आणि कागद पुन्हा परत आले असते. अशा वेळी पत्र असं असावं:

दिनांक: …

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे नाव), (शाखेचे नाव व गाव)

विषय: बचत खाते क्र. … वरील माझ्या नावाच्या स्पेलिंगमधील चूक दुरुस्त करण्याबाबत.

महोदय/महोदया,

माझे आपल्या शाखेत वरील क्रमांकाचे बचत खाते असून माझा ग्राहक क्रमांक … आहे. बँकेच्या नोंदीत माझे नाव पुढीलप्रमाणे आहे:
SULOCHNA DNYANESHWAR JADAV

माझ्या आधार कार्डावर व पॅन कार्डावर माझे नाव पुढीलप्रमाणे असून तेच बरोबर आहे:
SULOCHANA DNYANESHWAR JADHAV

पहिल्या नावात H नंतरचे A आणि आडनावात D नंतरचे H ही दोन अक्षरे बँकेच्या नोंदीत राहून गेली आहेत. मी माझे नाव बदललेले नाही. ही केवळ स्पेलिंगची दुरुस्ती आहे.

तरी कृपया माझ्या ग्राहक नोंदीत, वरील बचत खात्यात तसेच मुदत ठेव क्र. … व … यांमध्ये नाव दुरुस्त करावे आणि दुरुस्त नावाचे पासबुक, चेकबुक व डेबिट कार्ड द्यावे, ही विनंती. दुरुस्ती झाल्याचे खालील मोबाइल क्रमांकावर कळवावे.

आपली विश्वासू,
(सही, बँकेत नोंदलेली आहे तशीच)
(पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक)

सोबत: 1) आधार कार्डाची प्रत 2) पॅन कार्डाची प्रत 3) पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत (तिन्हींवर स्वतःची सही)

पत्र मराठीत लिहिलं तर चालेल का, असा प्रश्न अनेकांना पडतो. चालतं. सामान्य ग्राहकांसाठीचे फॉर्म, स्लिपा, पासबुकं इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तिन्हींत असावीत, अशी रिझर्व्ह बँकेचीच सूचना आहे. महाराष्ट्रातल्या शाखेत मराठी अर्ज नाकारण्याचं कारण नाही. मात्र मजकूर मराठीत असला तरी चुकलेलं आणि बरोबर, अशी दोन्ही नावं इंग्रजी मोठ्या लिपीत, प्रत्येकी स्वतंत्र ओळीत लिहिली पाहिजेत. नोंद करणारा माणूस तुमच्या पत्राकडे पाहून टंकणार आहे. ओळीच्या मध्ये, वळणदार अक्षरात लिहिलेलं नाव तो पुन्हा चुकवू शकतो. दोन ओळी एकाखाली एक दिसल्या की फरक त्याला लगेच कळतो. दोन गळलेली अक्षरं वेगळ्या वाक्यात सांगितली आहेत तीही याचसाठी.

ग्राहक क्रमांक लिहायला लोक विसरतात. हा खाते क्रमांकाहून वेगळा असतो. काही बँका त्याला सीआयएफ म्हणतात, काही कस्टमर आयडी. तो बहुधा पासबुकाच्या पहिल्या पानावर छापलेला असतो. बँकेच्या संगणकात माणसाची एक नोंद असते आणि त्या नोंदीला त्याची सगळी खाती जोडलेली असतात. नावाची मूळ जागा ती ग्राहक नोंद. काही ठिकाणी खातं उघडताना ग्राहक नोंदीतलं नाव खात्यावर उतरवलं जातं आणि तिथे स्वतंत्रपणे राहतं. मग ग्राहक नोंद दुरुस्त केली तरी खात्यावर किंवा ठेवीच्या पावतीवर जुनंच नाव छापून येतं. पत्रात ग्राहक नोंद, बचत खातं आणि ठेवी या तिन्हींचा उल्लेख वेगवेगळा केला आहे, तो यासाठी.

सहीबद्दल एक सूचना. नाव दुरुस्त होतंय म्हणून अनेक जण अर्जावर नव्या स्पेलिंगप्रमाणे सही करतात आणि अर्ज ‘सही जुळत नाही’ म्हणून बाजूला पडतो. अर्जावरची सही बँकेतल्या नमुन्याप्रमाणेच हवी, तिच्यातही चुकलेलं स्पेलिंग असलं तरीही. सही बदलायची असेल तर तो वेगळा अर्ज. खातं संयुक्त असेल तर दोघांच्याही सह्या मागितल्या जाऊ शकतात, म्हणून त्या आधीच घेतलेल्या बऱ्या. अंगठा उठवणाऱ्या खातेदाराने स्वतः शाखेत जाऊन अधिकाऱ्यासमोर अंगठा उठवावा.

प्रतींवर सही करताना ‘फक्त नाव दुरुस्तीसाठी’ असं लिहून तारीख टाकावी, म्हणजे ती प्रत दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही. आधारची प्रत देताना पहिले आठ आकडे झाकलेली, शेवटचे चारच दिसणारी प्रत चालेल का, हे शाखेत विचारा. मूळ कागद बरोबर न्या, पण दाखवून परत घ्या. कार्डाचा क्रमांक, पिन, ओटीपी यांचा पत्राशी काहीही संबंध नाही. अर्ज दिल्यानंतर ‘तुमच्या नावाच्या दुरुस्तीसाठी ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो फसवणुकीचा समजून बंद करा.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक बँकेला द्या, दुसरीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. ही पोच मागताना संकोच वाटतो, समोरच्या माणसावर आपण अविश्वास दाखवतोय असं वाटतं. पण पोच नसेल तर महिन्याभराने ‘तुमचा अर्ज कुठे आहे?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसतं. शक्यतो जिथे खातं आहे त्या मूळ शाखेतच अर्ज द्यावा, कारण खातं उघडतानाचा फॉर्म तिथल्या नोंदीत असतो. तुम्ही फॉर्मवर नाव बरोबर लिहिलं होतं आणि टंकताना चुकलं, हे त्या फॉर्मवरून सिद्ध होतं. काही शाखा पत्राबरोबर केवायसीचा छापील फॉर्मही भरून मागतात. तो भरावा, पण आपलं पत्रही जोडावं. फॉर्मवर नवं नाव लिहायला जागा असते, चूक कुठे झाली हे सांगायला नसते.

प्रतिज्ञापत्र आणा, असं कधी कधी सांगितलं जातं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं नोटरीसमोर लिहून देणं. नावात मोठा फरक असेल, किंवा तुमच्याच कागदपत्रांत विसंगती असेल, तर ही मागणी समजण्यासारखी आहे. पण आधार आणि पॅन जुळतात, जन्मतारीख जुळते, फोटो आणि सही जुळते, आणि बँकेच्या टंकलेखनात एक अक्षर गळलं आहे, अशा वेळी ग्राहकाला नोटरीकडे पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. त्या वेळी शाखा व्यवस्थापकांना भेटून मूळ फॉर्म काढून पाहण्याची नम्रपणे विनंती करा. चूक बँकेची निघाली तर नव्या पासबुकाचं किंवा कार्डाचं शुल्क लावू नका, हेही तिथेच सांगा.

बँकेत ही दुरुस्ती एका हाताने होत नाही. एक कर्मचारी नोंद करतो, दुसरा अधिकारी कागद पाहून ती मंजूर करतो. पहिली पायरी झाली आणि दुसरी राहिली, असं घडतं. तेव्हा “केलंय” या शब्दावर न थांबता आपण तपासावं. पासबुक छापून घ्या, पण पहिलं पान नव्याने छापलेलं पाहा. आतले व्यवहार पाहून नावाचं काही कळत नाही. घरातल्या कुणाला तरी यूपीआयवरून एक रुपया पाठवायला सांगा आणि त्याच्या पडद्यावर कोणतं नाव येतं ते पाहा. मुदत ठेवींच्या पावत्या पाहा. बँकेच्या अॅपमध्ये उजवीकडे-डावीकडे कुठेतरी ‘प्रोफाइल’ असतं, त्यात नाव पाहा. सुलोचनाबाईंना विमा कंपनीकडे पाठवायला हवा आहे तो नव्या चेकबुकातला चेक. जुन्या चेकवर जुनंच नाव छापलेलं राहणार. तो पाठवला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

याच तपासणीत कधी कधी वेगळीच गोष्ट पुढे येते. सुलोचनाबाईंची एक ठेव बचत खात्याच्या ग्राहक क्रमांकाखाली दिसतच नाही. ठेव ठेवताना स्पेलिंग वेगळं टंकलं गेलं, संगणकाला ती नवी व्यक्ती वाटली आणि दुसराच ग्राहक क्रमांक तयार झाला. बँकेच्या लेखी आता त्या दोन बायका आहेत. असं आढळलं तर नाव दुरुस्तीबरोबरच ‘दोन्ही ग्राहक क्रमांक एकत्र करावेत’ अशी ओळ पत्रात घालावी लागते. दुसऱ्या क्रमांकाला पॅन जोडलेला आहे का, तेही विचारा. नसेल तर त्या ठेवीच्या व्याजावर कर जास्त दराने कापला जाऊ शकतो.

काम किती दिवसांत होतं? सगळं जुळलेलं असेल तर शाखा ते काही दिवसांत करू शकते. बरेच दिवस काहीच हालचाल दिसली नाही, तर पोचेच्या आधारावर त्याच बँकेकडे लेखी तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तक्रारीनंतर 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ही तक्रार cms.rbi.org.in या संकेतस्थळावर करता येते, तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणं ही तिची अट आहे. शिक्का मारलेली पोच इथे उपयोगी पडते.

नावातल्या चुकीचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो खातेदार गेल्यानंतर. मृत्यूच्या दाखल्यावर एक नाव, पासबुकावर दुसरं. मग वारसांना ती दोन नावं एकाच माणसाची असल्याचं सिद्ध करावं लागतं. ज्या खात्याची घरात कुणाला माहितीच नव्हती, त्याचं तर आणखी अवघड. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यांतली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे जाते. ती तिथून परत मिळवता येते, आणि अशी खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये उद्गम हे पोर्टलही सुरू केलं. पण तिथला शोध खातेदाराच्या नावाने सुरू होतो. JADAV नावाने नोंदलेलं खातं मुलं JADHAV टंकून शोधत बसली, तर ते सापडेलच असं नाही.

तेव्हा घरातल्या ज्येष्ठांची पासबुकं आणि ठेवींच्या पावत्या या आठवड्यात बाहेर काढा, आधारशेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर तपासा. वारसदाराच्या नावाचं स्पेलिंगही त्याच वेळी पाहून घ्या. चूक दिसली तर पत्र त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि त्यांना बरोबर घेऊन शाखेत जा, कारण दुरुस्तीचा हा साधा अर्ज फक्त खातेदाराच्या सहीने होतो. त्याच्यामागे वारसांना तो करता येत नाही.